वेस्टेजचे टक्के कुठून येतात?

घराचे इस्टिमेट हातात आले की आपली नजर दरांवर जाते. सिमेंटच्या गोणीमागे पाच रुपये कमी होतील का, सळईचा भाव आज काय, टाइल कोणत्या दुकानातून घ्यायची, यावर घरात चर्चा रंगते. पण प्रत्येक मालापुढे आणखी एक आकडा असतो, ‘वेस्टेज ५ टक्के’, आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. वीस-पंचवीस लाखांच्या बांधकामात या आकड्याच्या खालीवर होण्याने जेवढे पैसे हलतात, तेवढे गोणीमागच्या पाच रुपयांनी हलत नाहीत. आणि आपल्याकडे गावात, तालुक्याच्या ठिकाणी बरेच लोक काम मजुरीवर देतात. माल मालकाचा, कष्ट मिस्त्रीचे. वाया गेलेल्या मालाचे बिल मग सरळ मालकाच्या खिशातून जाते.

बांधकामात रुळलेले आकडे साधारण असे आहेत. सिमेंट २ ते ३ टक्के, स्टील ३ ते ५, वाळू १० ते १५, सरळ बसवलेल्या टाइल ५ आणि तिरप्या बसवलेल्या १० किंवा जास्त, रंग ५ टक्क्यांच्या आसपास. अनेक कामांच्या सरासरीतून ते आले आहेत, त्यामुळे ते खोटे नाहीत. पण सरासरी म्हणजे तुमचे घर नव्हे. तुमच्या खोलीची लांबी, वाळू कोणत्या महिन्यात आली, सळया कोणत्या क्रमाने कापल्या, यावर खरा टक्का ठरतो. स्टील आणि टाइल यांचा टक्का काम सुरू होण्याआधी कागदावर मोजता येतो. वाळूचा बरणीत मोजता येतो. सिमेंट आणि रंग यांचा मात्र काम पाहूनच कळतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. वेस्टेज या नावाखाली असे बरेच काही घुसवले जाते जे वाया गेलेले नसतेच. दोन सळया जोडताना त्या एकमेकींवर काही अंतर ठेवाव्या लागतात, तो लॅप वाया जात नाही. तो बांधकामाचाच भाग आहे आणि परिमाणातच धरायला हवा. कोरडे सिमेंट आणि वाळू पाणी घालून कालवले की त्याचे आकारमान घटते, म्हणून ओल्या मालापेक्षा साधारण पाव ते एक-तृतीयांश जादा कोरडा माल धरतात. तेही वेस्टेज नाही. भिंत वाकडी म्हणून प्लॅस्टर १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटर बसले, तर माल दीडपट लागला. हा दोष विटांच्या बांधकामाचा आहे, आणि तो ५ टक्क्यांच्या रकान्यात टाकला की कोणाच्या नजरेस येत नाही. भिंत उभी राहत असतानाच ओळंबा आणि दोरी लावून पाहिली, तर प्लॅस्टरची ही जाडी आधीच आटोक्यात राहते.

आता स्टील. सळई बाजारात साधारण १२ मीटर लांबीची येते. समजा, स्लॅबसाठी ८ मिलिमीटरचे ३.९ मीटर लांबीचे तुकडे हवेत. एका सळईतून तीन निघतात, ११.७ मीटर वापरले जातात आणि ३० सेंटीमीटरचा तुकडा उरतो. वेस्टेज अडीच टक्के. आता खोली जराशी मोठी करा आणि तुकडा ४.१ मीटरचा होऊ द्या. एका सळईतून दोनच निघतात आणि ३.८ मीटर उरते, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. खोली वाढली फक्त २० सेंटीमीटर.

हे ३.८ मीटरचे तुकडे खरेच वाया जातात का, हे कापण्याच्या क्रमावर ठरते. असे ४० तुकडे हवे असतील, तर २० सळया लागतील आणि ३.८ मीटरचे २० तुकडे उरतील. ८ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे ९५ किलो स्टीलमधले ३० किलो बाजूला पडले. दुसरीकडे ९ बाय १२ इंचांच्या कॉलमची एक रिंग वाकवायला ८ मिलिमीटरचीच सुमारे ९० सेंटीमीटर सळई लागते. एका उरलेल्या तुकड्यातून चार रिंगा होतात आणि २० सेंटीमीटर शिल्लक राहते. वीस तुकड्यांतून ८० रिंगा होतील, आणि खरा कचरा दीड किलोच्या जरासा वर, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहूनही कमी.

अडचण अशी की साइटवर कॉलम आधी उभे राहतात आणि स्लॅब नंतर पडतो. फिटर रिंगा आधी कापतो, आणि त्यासाठी नवी कोरी सळई घेतो. स्लॅबचे तुकडे कापून झाले तेव्हा रिंगा करून संपलेल्या असतात, आणि ३.८ मीटरचे गठ्ठे कंपाउंडच्या कडेला गंजत पडतात. शेवटी ते भंगारच्या भावाने जातात. यावर उपाय म्हणजे सळया वाकवण्याचा तक्ता, ज्याला सगळे बीबीएस म्हणतात. कोणत्या जाडीचे, किती लांबीचे, किती तुकडे, हे त्यात घरभरासाठी लिहिलेले असते. तो पहिली सळई कापण्याआधी हातात असला, तर स्लॅबचे तुकडे आधी कापून, रंगाची खूण करून ठेवता येतात आणि उरलेल्यातून रिंगा होतात. इंजिनिअरकडे बीबीएस मागा. तो तयार करायला त्याचा वेळ जातो, त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि तक्ता पाहून त्याला विचारा की कोणत्या तुकड्याच्या उरलेल्या भागाचा उपयोग कुठे होणार आहे. या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले, तर तुमच्या घराला ३ टक्के पुरतात. उत्तर मिळाले नाही, तर ७ टक्केही कमी पडतील.

स्टीलमध्ये अजून एक गोष्ट वेस्टेजच्या वेषात येते. आपण स्टील वजनाने विकत घेतो आणि लांबीने वापरतो. भारतीय मानकाप्रमाणे १२ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो हवे, पण त्यात ५ टक्के कमी-जास्त चालते. ८ आणि १० मिलिमीटरला ही मुभा ७ टक्क्यांची आहे. १२ मिलिमीटरचा नेमक्या वजनाचा एक टन घेतला, तर ११२६ मीटर सळई येते. तीच सळई ४ टक्के जड निघाली, तर १०८३ मीटरच येते. ४३ मीटर कमी पडले आणि साइटवर कोणी एक तुकडाही फेकलेला नाही. म्हणून माल उतरताना प्रत्येक जाडीचा एक मीटरचा तुकडा कापून वजन करा. फरक दिसला तर तो वेगळा लिहा, फिटरच्या माथी मारू नका. सळई हलकी निघाली तर उलटा हिशेब होतो. लांबी जास्त मिळते, पण ठरलेल्या मुभेपेक्षाही ती हलकी असेल तर गाडी परत पाठवावी, कारण तिथे प्रश्न पैशांचा राहत नाही.

टाइलकडे वळू. इथे टक्का मोजणे सर्वांत सोपे आहे आणि तरी सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १० बाय १२ फुटांची खोली घ्या. बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल. पाच ओळी, सहा रांगा, ३० टाइल. तोंडी हिशेब झाला. पण ती टाइल दोन फुटांची नसते, ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. मध्ये २ मिलिमीटरची सांध सोडली, तरी पाच टाइल मिळून १० फुटांत सुमारे ३८ मिलिमीटर जागा मोकळी राहते आणि १२ फुटांत ४६ मिलिमीटर.

आता गवंड्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला, दाराच्या बाजूने अख्ख्या टाइल लावत जायचे आणि पलीकडच्या दोन भिंतींजवळ दीड-पावणेदोन इंचांच्या पट्ट्या घालायच्या. स्कर्टिंगखाली त्यातला सेंटीमीटरभर झाकला जातो, बाकी दिसतो. अशा बारीक पट्ट्या कापताना तुटतात, म्हणून त्यांना ३ टाइल धरू. जमिनीला ३३ टाइल झाल्या. चार इंची स्कर्टिंगसाठी दार वगळून साडेबारा मीटर पट्टी लागते, तिच्या आणखी ५ टाइल. एकूण ३८.

दुसरा मार्ग दिसायला चांगला. मध्यभागी अख्ख्या टाइल आणि चारही भिंतींलगत सारख्या रुंदीचे कापलेले तुकडे. मग प्रत्येक बाजूला साधारण ३२ सेंटीमीटरचा तुकडा येतो. एका टाइलमधून ३२ सेंटीमीटरचे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र टाइल फोडावी लागते. मध्ये २० अख्ख्या आणि कडेला २२ कापलेल्या, मिळून ४२. मात्र कापताना उरलेल्या २८ सेंटीमीटरच्या भागातून स्कर्टिंगच्या दोन-दोन पट्ट्या निघतात आणि सगळे स्कर्टिंग त्यातच भागते. त्यामुळे एकूण ४२च राहतात.

खोली आणि स्कर्टिंग यांच्या नुसत्या क्षेत्रफळाने साडेचौतीस टाइल होतात. म्हणजे पहिल्या मार्गाला १० टक्के वेस्टेज आणि दुसऱ्याला २२. दोन्ही ठिकाणी टाइल सरळच बसवली आहे, गवंडी तोच आहे, आणि रुळलेला ५ टक्क्यांचा आकडा दोन्हीकडे तोकडा पडतो. चार टाइलचा एक बॉक्स धरला, तर एका मार्गाला १० बॉक्स आणि दुसऱ्याला ११. एका बॉक्सच्या पैशांत भिंतीलगतची खोली नीटनेटकी दिसणार असेल, तर मी तो बॉक्स आनंदाने घेईन. पण ते आधी ठरवून, दुकानात ऑर्डर देताना. काम अर्धे झाल्यावर एक बॉक्स कमी पडला आणि त्याच शेडची, त्याच बॅचची टाइल मिळाली नाही, तर पैसे असूनही उपयोग नाही.

म्हणून टाइलसाठी टक्के लावूच नका. प्रत्येक खोलीचे प्लॅस्टरनंतरचे माप घ्या, वहीवर चौकटी आखा, अख्ख्या आणि कापलेल्या टाइल मोजा. गुण्यात नसलेल्या खोलीत दोन्ही टोकांची मापे घ्या. मग वाहतुकीत आणि कटरखाली फुटण्यासाठी शेकडा एक-दोन वाढवा. पुढे कधी नळ फुटला आणि फरशी उकरावी लागली तर म्हणून प्रत्येक डिझाइनचा एक बॉक्स माळ्यावर ठेवायचा असेल, तर तो जरूर घ्या. फक्त त्याला वेस्टेज म्हणू नका, नाहीतर गवंडी तोही वापरून टाकतो.

वाळूचा १० ते १५ टक्क्यांचा आकडा ऐकून लोक चकित होतात. एवढी वाळू जाते कुठे? तिचा मोठा भाग जात नाही, तो आलेलाच नसतो. वाळू आपण ब्रासवर घेतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू जराशी ओली झाली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर ढकलले जातात. तिचे आकारमान २०-२५ टक्क्यांनी, बारीक वाळूत त्याहूनही जास्त फुगते. गंमत म्हणजे ती पूर्ण भिजली की हे फुगणे नाहीसे होते. क्रश सँडही फुगते.

हे घरी तपासता येते. सरळ भिंतींच्या काचेच्या बरणीत आलेली वाळू १५ सेंटीमीटर उंचीपर्यंत न दाबता भरा. ती काढून ठेवा, बरणी निम्मी पाण्याने भरा आणि तीच वाळू हळूहळू ढवळत परत टाका. बुडलेली वाळू १२ सेंटीमीटरवर स्थिरावली, तर फरक ३ सेंटीमीटर, म्हणजे फुगवटा २५ टक्के. या वाळूचे तुम्ही ४ ब्रास घेतले असतील, तर खरी वाळू ३२० घनफूट आहे. ८० घनफुटांचा खड्डा मिस्त्रीने केलेला नाही आणि तो टक्क्यांनी भरूनही निघणार नाही. पावसाळ्यात ऑर्डर देतानाच फुगवटा धरावा, किंवा पुरवठादाराशी वजनावर भाव ठरवावा. वजनावर घेताना पाण्याचेही पैसे जातात, पण ओलसर वाळूत पाणी वजनाच्या शेकडा पाच-सहा असते. ते नुकसान फुगवट्यापेक्षा कितीतरी कमी.

खरोखर वाया जाणारी वाळू तळाशी असते. एक ब्रास वाळू दहा बाय दहा फुटांत फूटभर उंच पसरली, तर खालचा एक इंच म्हणजे आठ घनफूट, तो मातीत मिसळला की ८ टक्के तिथेच गेले. ढीग टाकण्याआधी जमिनीवर हलका कोबा करावा, निदान जुन्या विटा किंवा ताडपत्री अंथरावी, आणि उताराच्या बाजूला विटांचा बांध घालावा. प्लॅस्टरसाठी चाळताना वर राहणारी जाडी वाळू फेकू नये. ती पायाच्या काँक्रीटला किंवा फरशीखाली चालते. एवढे केले, तर वाळूला ६-७ टक्के पुरतात. रस्त्यावरच माल उतरतो, जागाच नाही, अशा गल्लीतल्या कामाला १५ टक्के धरावेच लागतात.

सिमेंटवर मला थोडेच सांगायचे आहे. गोणीच्या तळाशी राहिलेले, सांडलेले, आणि दुपारच्या जेवणाआधी कालवून ठेवलेला माल घट्ट झाला म्हणून फेकलेला, एवढाच खरा कचरा. पाणी घातल्यापासून दोन तासांच्या आत माल वापरावा असे मानक सांगते. उन्हाळ्यात त्याहून लवकर. जेवणाच्या आणि संध्याकाळच्या सुट्टीच्या अर्धा तास आधी नवा माल कालवायचा नाही, एवढा एक नियम पाळला, तर २ टक्के पुरतात. प्लॅस्टर करताना भिंतीखाली पत्रा किंवा जाड प्लास्टिक पसरले, तर पडलेला माल स्वच्छ राहतो आणि लगेच परत वापरता येतो. गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. पावसाळ्यात महिनाभराचा साठा करून ठेवण्यात शहाणपण नाही. गाठी झालेली गोणी हेही वेस्टेजच, आणि ते मालकाने केलेले.

रंगात डब्यावर लिहिलेले क्षेत्रफळ गुळगुळीत भिंतीसाठी असते. पुट्टी न केलेल्या, खरबरीत बाहेरच्या भिंतीला रंग जास्त लागतो; तो वाया जात नाही, भिंत तो पिते. एक भिंत रंगवून किती लागला ते पाहावे आणि बाकीचा हिशेब त्यावर करावा. रोलर आणि डब्याला चिकटणारा ५ टक्क्यांत बसतो. मशीनवर शेड तयार केलेले डबे मात्र एकदम घ्यावेत आणि एकाच भिंतीवर जाणारे एकत्र मिसळावेत.

आता हे आकडे बसवायचे कसे? पहिली दक्षता म्हणजे टक्क्यावर टक्का चढू न देणे. इंजिनिअर परिमाण काढताना ५ टक्के वाढवतो, ठेकेदार ऑर्डर देताना ५ टक्के, आणि आपण दुकानात ‘असू दे जरा जास्त’ म्हणून आणखी ५. गुणाकार केला तर जवळजवळ १६ टक्के होतात. म्हणून इंजिनिअरला निव्वळ परिमाण वेगळे आणि वेस्टेज वेगळे लिहून द्यायला सांगा, आणि वेस्टेज कोण वाढवणार हे एकदाच ठरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब टप्प्याटप्प्याने जुळवणे. समजा, पहिल्या स्लॅबपर्यंत ४०० गोणी आल्या आणि १२ शिल्लक आहेत. ३८८ वापरल्या. झालेल्या कामाचे प्रत्यक्ष माप घेऊन इंजिनिअरने काढलेली गरज ३७० गोण्यांची आहे. १८ जास्त, म्हणजे जवळजवळ ५ टक्के. सिमेंटला हे जास्त आहे, आणि कारण शोधायला अजून वेळ आहे. साइटवर घट्ट झालेल्या मालाचे ढीग दिसतात का? सेंटरिंगच्या फटींतून काँक्रीटचे पाणी गळले का? रिकाम्या गोण्या मोजल्या तर ३८८ भरतात का? रोज रिकाम्या गोण्यांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून ठेवायला लावा. माल कुठेच वाया गेलेला दिसत नाही, पण गोण्या कमी पडतात, तर ते वेस्टेज नाही. सिमेंट साइटबाहेर जाते आहे, आणि त्यावर टक्का वाढवून देणे हा उपाय नव्हे. हे कारण सापडले की पुढच्या टप्प्याचा आकडा तुमच्याच घराच्या अनुभवावरून ठरवा. पुस्तकातला बाजूला ठेवा.

काम मजुरीवर देत असाल, तर करारात चार ओळी लिहा. प्रत्येक मालाची निव्वळ गरज किती, त्यावर किती टक्के मान्य, गरज कोणाच्या मापावर काढायची, आणि मान्य टक्क्यांपेक्षा जास्त गेले तर त्याचा भार कोणी सोसायचा. माझ्या मते तो निम्मा-निम्मा वाटावा. सगळा भार मिस्त्रीवर टाकला, तर तो मालात सिमेंट कमी घालून हिशेब जुळवेल, आणि ते तुम्हाला दहा पावसाळ्यांनंतर कळेल. मान्य टक्क्यांपेक्षा कमी माल गेला, तर वाचलेल्या पैशातला काही भाग त्यालाही द्यावा, पण इंजिनिअरने काँक्रीटचे क्यूब तपासून घेतल्यानंतरच.